रेसमध्ये दिवस वाईट गेला? पुढचा डाव लावण्याआधी डोकं थंड कसं करायचं

रेसमध्ये तीन हजार हरणं ही एक गोष्ट आणि ते तीन हजार परत काढायला निघणं ही वेगळी. पहिल्या गोष्टीत माणूस तीन हजारांनीच बुडतो. दुसरीत किती बुडेल याला अंत नसतो. हा लेख दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. पावसाळा सुरू झाला की सोलापुरातून शनिवार-रविवारी पुण्याच्या रेसला जाणारे बरेच जण आहेत आणि दर सीझनला त्यात चार नवे चेहरे दिसतात. घोडा कसा निवडायचा हे त्यांना सांगायला दहाजण तयार असतात. हरल्यावर घरी कसं यायचं आणि पुढच्या वेळी खिशात हात घालण्याआधी काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

पोकर खेळणारे या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात आणि आता रेसवालेही म्हणू लागलेत. हरल्याच्या रागात, चुटपुटीत किंवा घाईत माणूस असे डाव लावू लागतो, जे त्यानेच सकाळी चहा पिताना लावले नसते. आपल्याकडे ‘सरकली’ म्हणतात, तेच हे.

आधी एक गोष्ट उरकून घेतो. महाराष्ट्रात परवाना असलेल्या रेसकोर्सवर घोड्यावर पैसे लावणं कायदेशीर आहे. क्रिकेटचा सट्टा आणि मटका बेकायदा आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. त्यामुळे इथे जे लिहितोय ते रेसकोर्सपुरतं. टिल्टमधला माणूस या बाकीच्या दारांकडे का वळतो, ते पुढे येईलच.

एका रविवारचा हिशोब

आमच्या ओळखीतला एकजण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या परवानगीने त्याचा एक रविवार इथे मांडतो, नाव सोडून. माणूस हिशोबी. घरातून तीन हजार घेऊन निघाला, एका डावाला तीनशे असं ठरवून. सात शर्यतींपैकी चारच खेळायच्या, तेही आदल्या रात्री ठरलेलं. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस पकडली आणि परतीचं तिकीटही संध्याकाळच्या हुतात्माचंच काढलेलं होतं.

पहिल्या शर्यतीत तीनशे गेले. दुसरीत त्याचा घोडा शेवटपर्यंत पुढे होता. फोटो फिनिश झाली आणि मानेच्या फरकाने दुसरा आला. तीनशे गेले. खरी सुरुवात इथे झाली, कारण हे तीनशे त्याला ‘हरलेले’ वाटत नव्हते, कोणीतरी हातातून हिसकावून नेल्यासारखे वाटत होते. तिसरी शर्यत त्याच्या यादीत नव्हती. तरी त्याने पाचशे लावले. रेसकार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींची आणि घोड्यांची माहिती असलेलं पत्रक, नीट वाचलंही नव्हतं, जॉकी ओळखीचा होता एवढंच. तेही गेले. एकूण अकराशे कमी.

चौथी शर्यत यादीत होती. दोनच्या भावाचा, म्हणजे एक रुपयाला दोन रुपये नफा देणारा घोडा, तीनशे लावले आणि आला. सहाशे नफा झाला. तूट पाचशेवर आली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आता गडी शांत झाला असेल. झालं उलटंच. “पाचशेच राहिलेत बे, एका डावात निघतील,” असं म्हणत त्याने पाचवीला हजार लावले. सहावीला परत हजार. दोन्ही गेले. आता तूट अडीच हजार आणि खिशात पाचशे.

शेवटच्या शर्यतीचा हिशोब मात्र बारकाईने बघण्यासारखा आहे. अडीच हजार परत हवेत आणि लावायला पाचशेच आहेत, म्हणजे पाचच्या खालच्या भावाचा कुठलाच घोडा त्याच्या कामाचा राहिला नाही. दीडच्या भावाचा फेव्हरिट आला असता तर साडेसातशे मिळाले असते. त्याच्या दृष्टीने ते मिळून न मिळाल्यासारखंच. म्हणून त्याने दहाच्या भावाचा घोडा घेतला. त्या घोड्याबद्दल त्याला काय माहीत होतं? भाव. घोडा फॉर्म बघून निवडलाच नव्हता. तुटीच्या आकड्यानेच तो निवडला होता.

तो घोडा मागच्या मागेच राहिला. निकाल लागेपर्यंत स्टेशनवरून हुतात्मा सुटायची वेळ झालेली होती. तिकीट वाया गेलं आणि रात्रीच्या एसटीने तो परत निघाला. गाडीतूनच मला फोन केला. “अण्णा, पाच हजार असतील का? मधल्या वारी म्हैसूरची रेस आहे, सगळं निघतंय.”

असं का होतं

यात मूर्खपणा शोधू नका, हा माणूस मूर्ख नाही. १९७९ साली डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हेच मांडलं होतं. झालेलं नुकसान ज्याच्या मनाने अजून स्वीकारलेलं नाही, तो एरवी कधीच घेतला नसता असा धोका घ्यायला तयार होतो. कारण त्याच्या डोक्यात ‘शून्य’ हे आत्ताच्या जागी नसतं, सकाळच्या जागी असतं. आत्ता खिशात असलेले पाचशे त्याला पाचशे दिसतच नाहीत, फक्त ‘अडीच हजार कमी’ दिसतात.

अख्ख्या रेसकोर्सवरही हे दिसतं. अमेरिकेतल्या शर्यतींच्या नोंदी तपासून मॅकग्लोथलिन या संशोधकाने १९५६ मध्ये दाखवलं की दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत लोक फेव्हरिट सोडून मोठ्या भावाच्या घोड्यांकडे जास्त झुकतात. आपला सुपरवायझर एकटा नव्हता, पैसे लावायच्या खिडकीवरच्या रांगेत अर्धे त्याच्यासारखेच उभे होते.

आता दुसरी बाजू. ‘परत काढू’ म्हणणाऱ्याने बुकीचा भाव एकदा तरी मांडून बघावा. समजा पाच घोडे आहेत आणि त्यांचे भाव दीड, अडीच, चार, सहा आणि दहा. कोणताही घोडा आला तरी हातात शंभरच यावेत असं करायचं असेल तर पहिल्यावर ४० रुपये, दुसऱ्यावर साधारण २८.६०, तिसऱ्यावर २०, चौथ्यावर १४.३० आणि पाचव्यावर ९.१० लावावे लागतील. बेरीज ११२. म्हणजे शंभर परत मिळवायला एकशे बारा द्यायचे आणि सरकारचा कर वर वेगळा. टोटवर पैसे एकत्र करून वाटतात, तिथेही वाटण्याआधी वजावट होतेच. तेव्हा जितकं जास्त ‘काढायला’ जाल तितका हा बाराचा फटका जास्त वेळा बसणार. खाली सांगितलेल्या पद्धतीने कोणी जिंकायला लागत नाही. एका वाईट दिवसाचा वाईट महिना होऊ नये, एवढ्यासाठीच ती आहे.

ओळखायचं कसं

छाती धडधडणं, कान तापणं, जबडा आवळला जाणं अशा शरीराच्या खुणा सगळे सांगतात. मी त्यावर फार विसंबत नाही. काही लोक तापतात, काही एकदम गार पडतात. गार पडलेला माणूस अत्यंत शांतपणे, हसत-हसत, घरभाड्याचे पैसे लावतो. त्याला विचारलं तर म्हणेल, मी एकदम नॉर्मल आहे. म्हणून स्वतःला विचारून उपयोग नाही, कागदाला विचारायचं.

रेसकार्डच्या कोऱ्या जागेत, खिडकीकडे जाण्याआधी, प्रत्येक डावाच्या चार गोष्टी लिहा. घोड्याचा नंबर, रक्कम, एका ओळीत कारण आणि घड्याळातली वेळ. कारण म्हणजे ‘मागच्या दोन शर्यती याच अंतराच्या, दोन्हीत दुसरा’ असं काहीतरी. ‘जॉकी भारी आहे’ चालेल, पण ‘आता येईलच’ चालणार नाही, कारण त्यात घोड्याबद्दल काहीच नाही. लिहायला अर्धा मिनिट लागतो. ज्याला तो अर्धा मिनिटही काढवत नाही, त्याला उत्तर तिथेच मिळालं.

मग तीनपैकी एक जरी गोष्ट दिसली तर त्या डावाभोवती गोल करायचा. एक, रक्कम ठरलेल्या आकड्यापेक्षा वेगळी आहे. वेगळी म्हणजे जास्तच असं नाही, कमी असली तरी गोल. दोन, कारणाची जागा कोरी आहे किंवा शर्यत आदल्या रात्रीच्या यादीत नव्हती. तीन, आधीच्या शर्यतीचा निकाल लागून पाच मिनिटंही झाली नाहीत. दोन शर्यतींच्या मध्ये साधारण अर्धा तास असतो, निकाल लागताक्षणी खिडकीकडे धावायचं काही कारणच नसतं.

आणखी एक खूण आहे, ती नव्यांना कळत नाही. डावाचा प्रकार बदलतो. दिवसभर साधं ‘विन’ किंवा ‘प्लेस’, म्हणजे घोडा पहिला येईल किंवा पहिल्या काहींत येईल एवढंच, खेळणारा माणूस अचानक टनाला लावतो, म्हणजे पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायचे, किंवा जॅकपॉटच्या गोष्टी करतो. त्याला ते प्रकार एकाएकी आवडायला लागलेत असं नाही. तूट मोठी झाल्यामुळे लहान बक्षीस त्याला पुरत नाही. हाही गोलच.

हा नियम आता सुपरवायझरच्या कार्डाला लावून बघा. पहिल्या दोन डावांना गोल नाही, ते हरले असले तरी. तिसऱ्याला गोल, एकदा नाही तर सगळ्या बाजूंनी. चौथ्याला नाही. पाच, सहा, सात तिन्हींना गोल. हरणं आणि टिल्ट वेगळे कसे ते इथे स्वच्छ दिसतं. पहिले दोन डाव नुसते हरलेले, तिसरा टिल्टचा.

तिथल्या तिथे: मैदानावरची पायरी

नियम साधा ठेवा. एक गोल झाला की पुढची एक शर्यत सोडायची. दुसरा गोल झाला की दिवस संपला. घोडा कितीही पक्का असो, बातमी कितीही आतली असो.

शर्यत सोडायची म्हणजे काय करायचं? खिडक्या आणि बुकी जिथे आहेत तिथून उठायचं. पॅडॉकपाशी जा, जिथे घोडे फिरवून दाखवतात, पण पैसे सोबत आलेल्या माणसाकडे देऊन. काहीतरी खा. सकाळी साडेसहाला निघालेला माणूस चार वाजेपर्यंत चहावर असतो आणि आपल्याला राग आलाय की भूक लागलीय हे त्याला कळत नाही. घरून भाकरी-चटणी बांधून आणली असेल तर हीच वेळ. दारू मात्र नको, बिअरसुद्धा. ती पोटात गेली की गोल करायचा हातच उचलत नाही.

एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी, ती नियमाच्या वतीने. हा नियम पाळला असता तर तिसऱ्या शर्यतीनंतर सुपरवायझरने चौथी सोडली असती आणि चौथी तर तो जिंकला होता! म्हणजे सहाशेचा नफा हुकला असता. नवे लोक नेमकं इथेच नियम सोडतात. पण हिशोब पुढे न्या. पाचवीला ‘हजार’ हा आकडा कार्डावर लिहिताच दुसरा गोल झाला असता आणि दिवस अकराशेच्या तोट्यात संपला असता. प्रत्यक्षात तीन हजार गेले. हुकलेला विजय धरूनही एकोणीसशे वाचले असते.

आणि परतीचं तिकीट. पुण्याहून सोलापूरची हुतात्मा संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते, शर्यतींच्या वेळा त्या-त्या दिवसाच्या कार्डावर असतात. दोन्ही ताडून बघा आणि शेवटची शर्यत सोडूनच निघता येईल असं आरक्षण आधी करून ठेवा. शेवटच्या शर्यतीत डोकं सगळ्यात वाईट चालतं हे वर आलंच आहे, तर ती शर्यत आपल्या दिवसात ठेवायचीच कशाला? माझ्या मते नव्या माणसाने करावी अशी ही सगळ्यात स्वस्त व्यवस्था आहे. गाडी सोडावीशी वाटली तर तोही गोलच समजा.

त्या रात्री

सगळे समजतात की धोका मैदानावर असतो. मला तो मैदान सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या वेळात जास्त दिसतो. पूर्वी पुण्याची रेस संपली की पुढच्या शनिवार-रविवारपर्यंत आपोआप सुट्टी मिळायची. आता एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राच्या शर्यतीवर पैसे लावता येतात. म्हैसूर, बेंगळुरू, हैदराबाद असं काही ना काही आठवडाभर चालूच असतं. ती मधली सुट्टी गेली, म्हणून आता ती आपणच तयार करायची.

रेल्वेत किंवा घरी, झोपण्याआधी, वहीत एक ओळ लिहायची. तारीख, नेलेले पैसे, आणलेले पैसे, फरक. फरक खरा लिहायचा, जेवण आणि गाडीभाडं वेगळं दाखवून. खाली आडवी रेघ मारून ‘बंद’ असं लिहायचं. पोरकट वाटेल, पण या रेघेला काम आहे. टिल्टमधल्या माणसाच्या डोक्यात ते खातं उघडंच असतं, म्हणून पुढचा डाव त्याच खात्यात जातो. पुढचं पान शून्यावरून सुरू व्हायला हवं.

मग तो आकडा घरातल्या एका माणसाला सांगायचा. बायकोला, भावाला, ज्याच्याशी तुम्ही खरं बोलता त्याला. सुपरवायझरच्या घरी बायकोने विचारलं, “अहो, कसा गेला दिवस?” तर हा म्हणाला, “गेले सात-आठशे.” इथे मला खरी काळजी वाटली, तीन हजारांची नाही. तीन हजारांना सातशे म्हटलं की उरलेले तेवीसशे गुपचूप परत आणून ठेवावे लागतात आणि पुढच्या डावाला एक नवं कारण मिळतं. आकडा सांगितला की ते कारणच संपतं. घरी थोडं ऐकून घ्यावं लागेल. घ्यावं.

तिसरं काम पैशाच्या वाटा अरुंद करायचं. बहुतेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये व्यवहाराची रोजची मर्यादा स्वतःच कमी करता येते, ती घरखर्चापुरती ठेवा. उरलेली रोकड घरातल्या माणसाकडे द्या. बातम्या आणि टिप्स येणारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवडाभर म्यूट करा. कोणाकडे उसने मागितले असतील तर त्याच रात्री फोन करून ‘नको’ म्हणून सांगा, तो सकाळी घेऊन येण्याआधी.

आणि एक गोष्ट करायची नाही, ती म्हणजे विश्लेषण. फोटो फिनिशचा व्हिडिओ परत-परत बघणं, जॉकीने कुठे चूक केली ते शोधणं, हे सगळं अभ्यासाच्या नावाखाली जखम कुरतडणं आहे. मागावर धागा तुटला की कामगार आधी माग थांबवतो, मग धागा जोडतो. चालत्या मागावर जोडायला गेलं तर कापड वारभर खराब होतं. शर्यतींचा अभ्यास तीन दिवसांनी करा, तीच शर्यत तेव्हा वेगळी दिसेल.

मधले दिवस

किती थांबायचं? मी सांगतो तो हिशोब असा. नुसता वाईट दिवस असेल, गोल एकही नसेल, तर दोन रात्री नीट झोप झाल्याशिवाय नवा डाव नाही. कार्डावर दोन किंवा जास्त गोल असतील तर पुढचा पूर्ण आठवडा काही नाही, मधल्या वारच्या बाहेरगावच्या शर्यतीही नाहीत. उसने मागितले असतील किंवा घरी खोटा आकडा सांगितला असेल तर एक महिना. हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेतून आलेले नाहीत, माझा अंदाज आहे. आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तरच ते उपयोगी पडतात. हरल्यावर ठरवायला बसलं की कालावधी आपोआप पुढच्या शर्यतीपर्यंतच येऊन थांबतो.

या दिवसांत संध्याकाळचा तो एक तास रिकामा ठेवू नका, जेव्हा एरवी तुम्ही कार्ड वाचता. सिद्धेश्वर तलावाला दोन फेऱ्या मारा किंवा पोराचा अभ्यास घ्या, काहीही चालेल, फक्त रेसवाल्यांच्या टपरीवर नको. तिथे बसून ‘मी सध्या बंद आहे’ म्हणणाऱ्याला दोनच दिवसांत कोणीतरी क्रिकेटच्या बुकीचा नंबर देतो. बेकायदा दारं अशीच उघडतात. उधारीवर खेळायला मिळतं, खिशात पैसे लागत नाहीत, आणि टिल्टमधल्या माणसाकडे नेमके पैसेच नसतात.

पुढचा डाव लावण्याआधी

मुदत संपली म्हणून डोकं थंड झालंच असं नाही. एक प्रश्न कागदावर लिहून उत्तर द्या: मागचा तो रविवार झालाच नसता, तर हाच घोडा, हीच रक्कम आज लावली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर कारण एका ओळीत लिहा. कारणात मागचा आकडा कुठेही डोकावला, ‘तेवढे तरी निघतील’ असं काही आलं, तर अजून वेळ आहे.

मग पहिल्या दिवशी दोन गोष्टी. पहिली शर्यत फक्त कागदावर खेळा. घोडा, रक्कम, कारण, वेळ सगळं लिहा, पैसे लावू नका. आता मुद्दा असा की कागदावरचा घोडा आला तर काय वाटतं ते बघा. ‘चला, अंदाज बरोबर होता’ एवढंच वाटलं तर ठीक. ‘अरे, लावायला हवे होते, गेले की हातचे’ अशी कळ आली तर तुम्ही अजून मागच्याच रविवारी आहात. त्या दिवशी नुसत्या रेस बघा आणि सहाची गाडी पकडा. दुसरी गोष्ट, त्या दिवसाची डावाची रक्कम निम्मी, तीनशे असेल तर दीडशे, आणि दिवसाला नेण्याचे पैसेही निम्मे.

पद्धत कुठे फसते तेही बघून ठेवा. सगळ्यात जास्त फसते ती थांबण्याचे दिवस ‘तयारीचे दिवस’ झाले की. माणूस आठवडाभर काही लावत नाही, पण रोज रात्री एकच पक्का घोडा शोधत बसतो आणि शनिवारी आठवड्याचा सगळा साठलेला जोर एका डावात ओततो. रक्कम निम्मी ठेवायची ती यासाठीच. दुसऱ्यांदा फसते ती परतल्यावर पहिलाच डाव आला की. जिंकल्यावरही माणूस सरकतो, सुपरवायझरची चौथी शर्यत आठवा. म्हणून गोलांचा नियम जिंकलेल्या डावांनाही तसाच लागू. रक्कम बदलली की गोल.

जेव्हा हा टिल्ट राहत नाही

ही सगळी पद्धत अधूनमधून सरकणाऱ्या माणसासाठी आहे. थांबायचं ठरवून दोन-तीनदा मोडलं असेल, पगार किंवा भिशीचे पैसे लागले असतील, घरातलं सोनं गहाण पडलं असेल, किंवा खोटं बोलणं रोजचं झालं असेल, तर वही आणि गोल पुरणार नाहीत. जुगाराचं व्यसन हा वैद्यकीय निदानाच्या यादीतला आजार आहे. तिथे रक्कम निम्मी करून भागत नाही, खेळ पूर्ण बंद करावा लागतो आणि त्याला माणसांची मदत लागते. सोलापुरात सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. घरातून उठायचंही बळ नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. फोन घरच्या माणसाने केला तरी चालतो. काय बोलावं सुचत नसेल तर वहीतली शेवटची चार पानं समोर धरा आणि आकडे वाचून दाखवा, पुढचं ते विचारतात.